दुसऱ्या नियमाची दोन विधाने एकच कशी? काल्पनिक इंजिन आणि फ्रिजच्या जोडीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थर्मोडायनॅमिक्स शिकताना क्लाउझियसचे विधान आणि केल्विन-प्लांकचे विधान समतुल्य आहेत, हे एका आकृतीत दाखवून पुस्तक पुढे सरकते. दोन आडव्या रेघा, मध्ये दोन वर्तुळे, चार-पाच बाण. आकृती पाठ होते, पण मनात शंका राहतात. वर्गात, परीक्षेच्या आदल्या दिवशी आणि पेपर तपासताना मला पुन्हापुन्हा भेटलेले प्रश्न इथे घेतले आहेत. सगळीकडे एकच उदाहरण वापरले आहे: ६०० केल्विनचा एक उष्ण साठा आणि ३०० केल्विनचा एक थंड साठा.

ही दोन विधाने नेमकी काय म्हणतात?

क्लाउझियसचे विधान फ्रिजबद्दल आहे. चक्राने चालणाऱ्या कोणत्याही यंत्राला, दुसरा कोणताही बदल मागे न ठेवता, थंड वस्तूतली उष्णता गरम वस्तूत नेता येत नाही.

केल्विन-प्लांकचे विधान इंजिनाबद्दल आहे. चक्राने चालणाऱ्या कोणत्याही यंत्राला एकाच साठ्यातून उष्णता घेऊन, दुसरा कोणताही बदल न करता, तिचे पूर्णच्या पूर्ण कार्य करता येत नाही.

दोन्हींत दोन अटी समान आहेत आणि वाचताना नेमक्या त्याच निसटतात. पहिली, यंत्र चक्राने चालते, म्हणजे फेरी संपल्यावर ते होते तसे झालेले असते. दुसरी, ‘दुसरा कोणताही बदल न करता’. घरचा फ्रिज आतल्या थंड भागातली उष्णता बाहेरच्या गरम खोलीत टाकतोच, तरी क्लाउझियसचे विधान अबाधित राहते, कारण त्यासाठी विजेच्या रूपाने कार्य खर्च झालेले असते. तो खर्च हाच ‘दुसरा बदल’. उष्णता थंडाकडून गरमाकडे जातच नाही, असे क्लाउझियस कुठेही म्हणत नाही.

एक इंजिनाबद्दल आणि एक फ्रिजबद्दल. मग ती समतुल्य म्हणजे काय?

समतुल्य म्हणजे शब्द सारखे असणे नव्हे. एक विधान खरे असेल तर दुसरे खरे असलेच पाहिजे आणि दुसरे खरे असेल तर पहिलेही, एवढाच त्याचा अर्थ. हे थेट दाखवण्यापेक्षा उलटीकडून दाखवणे सोपे जाते. एक मोडले असे धरायचे आणि त्यामुळे दुसरेही मोडते हे यंत्र जोडून दाखवायचे. मग हेच दुसऱ्या बाजूने करायचे. दोन्ही फेऱ्या आवश्यक आहेत. एकच फेरी केली तर सिद्धता अर्धी राहते.

विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन झालेला शास्त्रज्ञ, याने १८५१ च्या आपल्या निबंधातच नोंदवले होते की क्लाउझियसचे गृहीतक आणि आपले गृहीतक रूपाने वेगळे असले तरी एकातून दुसरे निघते. आज पुस्तकांत दिसणारी चक्राची भाषा बरीचशी नंतर प्लांकने घट्ट केली, म्हणून विधानाला जोडनाव आहे.

‘साठा’ म्हणजे काय?

इतका मोठा की काही हजार ज्यूल काढले किंवा टाकले तरी ज्याचे तापमान बदलत नाही. एवढेच.

पहिली फेरी: क्लाउझियसचे विधान मोडले तर केल्विन-प्लांकचे कसे मोडते?

समजा कुणी एक जादूचा फ्रिज आणून दिला. तो प्रत्येक फेरीत ३०० केल्विनच्या साठ्यातून ७०० ज्यूल उष्णता उचलतो आणि ६०० केल्विनच्या साठ्यात ७०० ज्यूल टाकतो. त्याला तार जोडलेली नाही, कुणी दांडा फिरवत नाही, कार्य शून्य. हा क्लाउझियसचे विधान उघडउघड मोडतो.

आता त्याच दोन साठ्यांमध्ये एक अगदी साधे उष्णता इंजिन ठेवा. ते उष्ण साठ्यातून १००० ज्यूल घेते, ३०० ज्यूल कार्य देते आणि उरलेले ७०० ज्यूल थंड साठ्यात टाकते. कार्यक्षमता ३० टक्के. या दोन तापमानांमध्ये जास्तीत जास्त ५० टक्के शक्य आहे, म्हणजे या इंजिनात जादू काहीच नाही. घर्षण असलेले, उष्णता गळणारे, खऱ्या जगात बनू शकणारे इंजिन आहे.

दोघांना एकदम चालवा आणि दोघांभोवती मनातल्या मनात एक पेटी काढा. आता जमाखर्च मांडू.

थंड साठा: इंजिनाकडून ७०० आले, फ्रिजने ७०० नेले. शिल्लक शून्य.
उष्ण साठा: इंजिनाने १००० नेले, फ्रिजने ७०० परत दिले. निव्वळ ३०० गेले.
पेटीबाहेर मिळालेले कार्य: ३०० ज्यूल.

पेटीकडे बाहेरून पाहणाऱ्याला काय दिसते? एका उष्ण साठ्यातून ३०० ज्यूल उष्णता गेली आणि ३०० ज्यूल कार्य मिळाले. आतली दोन्ही यंत्रे फेरी संपताच पूर्ववत झाली. थंड साठाही जसा होता तसाच आहे. केल्विन-प्लांकने मनाई केलेले यंत्र ते हेच.

थंड साठा तर आकृतीत दिसतो. मग ‘एकाच साठ्यातून’ असे कसे म्हणता?

ही शंका रास्त आहे. पुस्तके ‘थंड साठा काढून टाकला तरी चालेल’ एवढे म्हणून थांबतात आणि वाचणाऱ्याला ते हात झटकल्यासारखे वाटते. खरे कारण असे आहे. फेरीदरम्यान थंड साठ्यात ७०० ज्यूल येतात आणि ७०० ज्यूल जातात. फेरी संपते तेव्हा त्याची अवस्था सुरुवातीला होती तीच असते. इंजिनातल्या वायूचेही असेच असते: तो तापतो, फुगतो, आक्रसतो आणि शेवटी मूळ जागी येतो. जे काही फेरीअखेर पूर्ववत होते ते यंत्राचा भाग मानायला काहीच हरकत नाही. म्हणून थंड साठ्याला पेटीच्या आत ओढून घ्या. आता पेटीबाहेर उरतो एक उष्ण साठा आणि मिळालेल्या कार्याने उचलले गेलेले एक वजन.

आकृती काढताना मी पेटीची रेघ तुटक काढायला सांगते आणि ती थंड साठ्याच्या खालून न्यायला लावते. एवढ्या एका रेघेने बहुतेकांची शंका तिथल्या तिथे फिटते, कारण पेटीची भिंत ओलांडणारे बाण मोजले की दोनच निघतात: वरून आत येणारा ३०० चा आणि बाजूने बाहेर पडणारा ३०० चा.

जादूचा फ्रिज नेमके ७०० ज्यूलच नेईल कशावरून? आकडे जुळलेच नाहीत तर?

सिद्धतेचा हा सर्वांत कमी समजावला जाणारा भाग, म्हणून जरा थांबून पाहू.

समजा फ्रिज एका फेरीत २०० ज्यूल नेतो. इंजिनाच्या एका फेरीत थंड साठ्यात ७०० पडतात. मग इंजिन दोन फेऱ्या चालवा, १४०० पडतील, आणि फ्रिज सात फेऱ्या चालवा, १४०० उचलले जातील. थंड साठा पुन्हा शून्यावर. उष्ण साठ्यातून इंजिनाने दोन फेऱ्यांत २००० नेले, फ्रिजने १४०० परत केले, निव्वळ ६०० गेले आणि कार्य मिळाले ६००. निष्कर्ष तोच. आकड्यांचे गुणोत्तर पूर्णांकांत बसत नसेल तर इंजिन लहानमोठे करा: सिलिंडरमधला वायू त्याच प्रमाणात कमी-जास्त केला की उष्णता आणि कार्य दोन्ही त्याच प्रमाणात बदलतात. इंजिन आपल्या हातातले आहे, त्याचा आकार आपण ठरवायचा.

पण जुळणी न करता तसेच सोडले तर? इथे दोन शक्यता आहेत आणि त्या सारख्या नाहीत.

फ्रिजने ७०० ऐवजी ८०० उचलले असे धरा. थंड साठ्यातून निव्वळ १०० गेले, उष्ण साठ्यातून २०० गेले, कार्य ३००. उष्णता दोन साठ्यांतून आली, त्यामुळे ‘एकाच साठ्यातून’ या शब्दांत हे बसत नाही. पण दुरुस्ती सोपी आहे. दोन साठ्यांमध्ये तांब्याची एक सळई ठेवा आणि तिच्यातून १०० ज्यूल उष्णता गरमाकडून थंडाकडे आपोआप वाहू द्या. त्याला कुठलाच नियम अडवत नाही. थंड साठा शून्यावर आला, उष्ण साठ्यातून ३०० गेले, कार्य ३००. विधान मोडले.

आता फ्रिजने ६०० च उचलले असे धरा. थंड साठ्यात १०० उरले, उष्ण साठ्यातून ४०० गेले, कार्य ३००. ही जोडी ७५ टक्के कार्यक्षमतेची झाली. ती ५० टक्क्यांच्या मर्यादेच्या वर आहे, म्हणजे काहीतरी अशक्य घडते आहे हे नक्की. पण केल्विन-प्लांकचे विधान थेट मोडलेले नाही, कारण थंड साठ्यात उष्णता पडली. ५० टक्क्यांची मर्यादा दाखवून इथे सिद्धता संपवली तर ती वर्तुळात फिरते, कारण ती मर्यादा दुसऱ्या नियमातूनच येते. सळईही कामाची नाही, ती उलट दिशेने वाहणार नाही. इथे फेऱ्या किंवा आकार जुळवणे हाच मार्ग आहे.

या फेरीतून नेमके काय सिद्ध झाले?

केल्विन-प्लांकचे विधान खरे असेल तर क्लाउझियसचेही खरे आहे, हे.

इथे दिशा उलटी लिहिली जाते आणि तीही चांगली तयारी केलेल्या मुलांकडून. एका उत्तरपत्रिकेत आकृती अचूक होती, प्रत्येक बाण योग्य, जमाखर्च जुळलेला, आणि खाली शेवटची ओळ होती: ‘म्हणून क्लाउझियसच्या विधानातून केल्विन-प्लांकचे विधान सिद्ध होते.’ सगळे बरोबर असून निष्कर्ष दुसऱ्या फेरीचा लिहिला होता. क्लाउझियस मोडला तर केल्विन मोडतो, असे आपण दाखवले. म्हणजे केल्विन शाबूत असेल तर क्लाउझियस मोडलेला असूच शकत नाही. पाऊस पडला तर अंगण ओले होते हे माहीत असेल, तर कोरडे अंगण पाहून पाऊस पडला नाही असे म्हणता येते. पाऊस नाही म्हणून अंगण कोरडेच असेल, असे मात्र म्हणता येत नाही.

दुसरी फेरी: केल्विन-प्लांकचे विधान मोडले तर?

आता जादूचे इंजिन घ्या. ते ६०० केल्विनच्या साठ्यातून १००० ज्यूल घेते आणि १००० ज्यूल कार्य देते. थंड साठ्याला त्याचा स्पर्शही नाही.

त्याच्या दांड्याला एक साधा फ्रिज जोडा. हा फ्रिज १००० ज्यूल कार्य खातो, ३०० केल्विनच्या साठ्यातून ८०० ज्यूल उचलतो आणि ६०० केल्विनच्या साठ्यात दोन्हींची बेरीज, म्हणजे १८०० ज्यूल टाकतो.

पेटीचा हिशेब: कार्य आतच निर्माण झाले आणि आतच संपले, भिंतीबाहेर काहीच आले नाही. थंड साठ्यातून ८०० गेले. उष्ण साठ्यातून १००० गेले आणि १८०० आले, म्हणजे निव्वळ ८०० आले. बाहेरून पाहणाऱ्याला दिसते एवढेच की ८०० ज्यूल थंडाकडून गरमाकडे गेले आणि दुसरे काहीच बदलले नाही. क्लाउझियसचे विधान मोडले. म्हणून क्लाउझियस खरा असेल तर केल्विन-प्लांकही खरे.

या फेरीत जुळणी आणखी सोपी आहे. जुळवायचे ते कार्य: इंजिनाने दिलेले सगळे कार्य फ्रिजने खाल्ले पाहिजे. पहिल्या फेरीत थंड साठा शून्यावर आणायचा होता, इथे कार्य शून्यावर आणायचे. कोणत्या फेरीत काय शून्य करायचे हे लक्षात असले की आकृती पाठ करावी लागत नाही, ती आपली आपण काढता येते.

फ्रिजने १००० ज्यूल खाऊन फक्त ८०० उचलले? घरचे फ्रिज तर खर्चापेक्षा जास्त उष्णता उचलतात.

उचलतात, कारण त्यांना चढवायचा तापमानाचा उतार छोटा असतो. उचललेल्या उष्णतेला खर्च झालेल्या कार्याने भागले की सीओपी मिळते. तिची कमाल मर्यादा म्हणजे थंड तापमान भागिले दोन तापमानांतला फरक, अर्थात केल्विनमध्ये. आपल्या उदाहरणात ३०० भागिले ३००, म्हणजे १. ३०० वरून ६०० केल्विनला उष्णता चढवणे हे अवघड काम आहे, त्यामुळे ०.८ ही सीओपी खऱ्या यंत्राला शोभेलशी आहे. सिद्धतेसाठी ०.१ असती तरी चालले असते. मग १०० ज्यूल थंडाकडून गरमाकडे गेले असते. विधान मोडायला एक ज्यूलही पुरतो.

दुसऱ्या फेरीत फ्रिज लागतोच का?

नाही. आणि मला तर फ्रिजशिवायची वाट जास्त आवडते, कारण तिच्यात जवळजवळ काही गृहीत धरावे लागत नाही.

जादूचे इंजिन ३०० केल्विनच्या साठ्याला जोडा. ते १००० ज्यूल घेऊन १००० ज्यूल कार्य देईल. त्या कार्याने ६०० केल्विनच्या साठ्यात बुडवलेली पाती फिरवा, ज्यूलने पाण्यात फिरवली होती तशी. घर्षणाने सगळ्या १००० ज्यूलची उष्णता होऊन ती उष्ण साठ्यात मुरते. निव्वळ परिणाम: १००० ज्यूल ३०० वरून ६०० ला गेले. झाले.

एक बारीक फरक मात्र लक्षात ठेवा. फ्रिजच्या वाटेत जादूचे इंजिन उष्ण साठ्यावर चालते, पात्यांच्या वाटेत ते थंड साठ्यावर. कुणी म्हणाले, ‘माझे इंजिन फक्त ६०० केल्विनवरच चालते,’ तरी अडत नाही. पाती ७०० केल्विनच्या साठ्यात बुडवा. क्लाउझियसचे विधान ६०० आणि ७०० च्या जोडीसाठी मोडेल. क्लाउझियसचे विधान सगळ्याच जोड्यांबद्दल बोलते, त्यामुळे कोणतीही एक जोडी मोडली तरी पुरे.

साधे इंजिन आणि साधा फ्रिज रिव्हर्सिबल, म्हणजे कार्नोचे, असले पाहिजेत का?

अजिबात नाही. काही पुस्तकांत आकृतीत कार्नो इंजिन दाखवतात आणि मग वाचणाऱ्याला वाटते की सिद्धता त्यावर टेकली आहे. वर ३० टक्क्यांचे इंजिन मी मुद्दामच घेतले. कार्नोचे प्रमेय सिद्ध करताना मात्र रिव्हर्सिबल यंत्र लागते, कारण तिथे तेच इंजिन उलटे चालवून त्याचा फ्रिज करायचा असतो. दोन्ही सिद्धतांच्या आकृत्या इतक्या सारख्या दिसतात की एकीची अट दुसरीला चिकटते.

समतापी प्रसरणात तर सगळ्या उष्णतेचे कार्य होते. मग केल्विन-प्लांकचे विधान तिथेच मोडले ना?

१ मोल आदर्श वायू ३०० केल्विनवर हळूहळू दुप्पट आकारमानाचा होऊ द्या. तो साठ्यातून सुमारे १७३० ज्यूल उष्णता घेतो आणि तेवढेच कार्य करतो. त्याची अंतर्गत ऊर्जा बदलत नाही. एका साठ्यातून घेतलेल्या उष्णतेचे शंभर टक्के कार्य झाले, यात शंका नाही.

पण वायू आता दुप्पट जागेत पसरला आहे. हा ‘दुसरा बदल’ आहे, आणि चक्र पूर्ण झालेले नाही. ते पूर्ण करायला त्याच तापमानावर वायू दाबत नेला तर तेच १७३० ज्यूल कार्य परत घालावे लागते आणि हाती शून्य राहते. काही कार्य शिल्लक राहावे असे वाटत असेल तर वायू थंड करून दाबावा लागतो, म्हणजे उष्णता टाकायला कमी तापमानाचा साठा हवा. ‘चक्राने चालणारे’ हे शब्द विधानात का आहेत, ते या उदाहरणाइतके दुसरीकडे कुठे स्पष्ट दिसत नाही.

ही जादूची यंत्रे पहिल्याच नियमाने बाद होत नाहीत का?

होत नाहीत. जादूच्या फ्रिजमध्ये ७०० आत, ७०० बाहेर. जादूच्या इंजिनात १००० आत, १००० बाहेर. ऊर्जा जशीच्या तशी राहिली. तुमच्या मांडणीत ऊर्जेची बेरीज जुळत नसेल, तर तुम्ही दुसऱ्या नियमाबद्दल काहीच सिद्ध केलेले नाही, फक्त चुकीचे आकडे घेतले आहेत. परीक्षेत ही चूक फार होते: दुसऱ्या फेरीत फ्रिज उष्ण साठ्यात १८०० ऐवजी ८०० टाकतो असे दाखवतात, खाल्लेले कार्य कुठे गेले हे विसरतात, आणि उष्ण साठ्याचे २०० ज्यूल हरवतात. प्रत्येक वर्तुळाची आवक आणि जावक वेगवेगळी तपासून मगच पेटी काढावी.

एंट्रॉपी वापरून हे एका ओळीत होणार नाही का?

सिद्धता म्हणून नाही. एंट्रॉपी ही कल्पनाच या विधानांवर उभी केलेली आहे. तिचा आधार घेऊन विधाने समतुल्य ठरवली तर पाया आणि कळस यांची अदलाबदल होते. पण आकडे तपासायला ती उत्तम आहे.

साठ्यात आलेली किंवा त्यातून गेलेली उष्णता भागिले त्याचे तापमान, हा त्याच्या एंट्रॉपीतला बदल. पहिली फेरी घ्या. जादूचा फ्रिज: थंड साठ्याचे ७०० भागिले ३००, म्हणजे २.३३ गेले, उष्ण साठ्याचे ७०० भागिले ६००, म्हणजे १.१७ आले. एकूण उणे १.१७ ज्यूल प्रति केल्विन. साधे इंजिन: १००० भागिले ६०० गेले, ७०० भागिले ३०० आले, एकूण अधिक ०.६७. बेरीज उणे ०.५. आता पेटीकडे पाहा: ६०० केल्विनवरून ३०० ज्यूल गेले, म्हणजे उणे ०.५. जुळले.

साध्या इंजिनाचा आकडा धन आला, म्हणजे ते खरोखर बनू शकते. तुमच्या उदाहरणातल्या ‘साध्या’ यंत्राचा आकडा ऋण आला तर समजा की तुम्ही नकळत दोन जादूची यंत्रे जोडली आहेत, आणि मग निष्कर्षाला अर्थ उरत नाही. ६०० आणि ३०० केल्विनच्या मध्ये ६० टक्क्यांचे इंजिन घेतले की असेच होते.

म्हणजे या सिद्धतेने दुसरा नियम सिद्ध झाला?

नाही. विधाने एकत्र तरतील किंवा एकत्र बुडतील, एवढेच सिद्ध झाले. ती तरतात हे प्रयोग सांगतो.

ही समतुल्यता कुठे तुटते का?

तुटते, आणि कुठे तुटते ते पाहिले की सिद्धतेत आपण काय गृहीत धरले होते हे उजेडात येते. दोन्ही फेऱ्यांत एक जादूचे यंत्र होते आणि एक साधे. जादूच्या यंत्राबद्दल आपण खूप बोललो, पण ‘आता एक साधे इंजिन घ्या’ किंवा ‘पाती फिरवून घर्षणाने उष्णता करा’ हे वाक्यही गृहीतकच आहे. रोजच्या जगात ते इतके उघड आहे की खटकत नाही.

१९५१ मध्ये पर्सेल आणि पाउंड यांनी लिथियम फ्लोराइडच्या स्फटिकातल्या अणुकेंद्रांच्या स्पिनना ऋण निरपेक्ष तापमानाच्या अवस्थेत नेऊन दाखवले. अशा प्रणालीच्या ऊर्जेला वरून मर्यादा असते. तिच्यात उष्णता घातली की एंट्रॉपी वाढण्याऐवजी कमी होते. ऋण तापमान कोणत्याही धन तापमानापेक्षा अधिक गरम असते, आणि ऋण तापमानांतही शून्याच्या जवळचे जास्त गरम: उणे १०० केल्विन हे उणे २०० पेक्षा गरम. १९५६ मध्ये रॅमसे यांनी अशा प्रणालींचे थर्मोडायनॅमिक्स मांडले तेव्हा दिसले की क्लाउझियसचे विधान इथेही टिकते, केल्विन-प्लांकच्या विधानाला मात्र पुस्ती जोडावी लागते. ऋण तापमानाच्या साठ्यातल्या उष्णतेचे पूर्ण कार्य होऊ शकते. उलट तिथे कार्याची पूर्ण उष्णता होऊ शकत नाही.

आपली पात्यांची वाट इथे लावून पाहू. उणे २०० केल्विनच्या साठ्यातून १०० ज्यूल घेऊन त्यांचे १०० ज्यूल कार्य केले. साठ्याच्या एंट्रॉपीतला बदल: उणे १०० भागिले उणे २००, म्हणजे अधिक ०.५. हे चालते, म्हणजे आपले जादूचे इंजिन इथे जादूचे राहिलेच नाही. आता ते कार्य पात्यांनी उणे १०० केल्विनच्या, म्हणजे अधिक गरम साठ्यात मुरवू. बदल: १०० भागिले उणे १००, म्हणजे उणे १. हे चालत नाही. तिथे घर्षणाने उष्णता मुरवणारी पातीच असू शकत नाहीत. साखळी तुटते ती जादूच्या यंत्रापाशी नव्हे, तर ज्याच्याकडे आपण दुसऱ्यांदा पाहिलेही नव्हते त्या साध्या यंत्रापाशी.